मदत हवी आहे: फेब्रुवारीच्या स्लिपमध्ये प्रोफेशनल टॅक्स ३०० कसा?

सायली_०७: दर महिन्याला २०० जायचे, या वेळी थेट ३०० कापले. गुरुग्रामच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा शून्य! कंपनी एकच. एचआर म्हणतात "नियमच तसा आहे". पैसे परत कसे मागायचे?

खतावणी: ऑफिस कुठल्या राज्यात ते लिहाच की. महाराष्ट्र असेल तर ३०० बरोबर आहेत. अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून २,५००.

बंड्या: हा केंद्राचा कर, सगळीकडे २,५००च. मैत्रिणीचा वर्षाअखेरीस एकदम कापतील.

खतावणी: नाही हो. केंद्राचा संबंध फक्त कमाल मर्यादेपुरता. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार वर्षाला २,५०० च्या वर घेता येत नाही. लावायचा की नाही, किती पगारापासून लावायचा, हे राज्य ठरवतं. हरियाणात हा करच नाही, मैत्रिणीचं काय कापणार? तमिळनाडूत तर तो स्थानिक संस्था सहामाहीने घेतात.

दुकानदार_काका: माझं दुकान आहे, पगार नाही. मला वर्षाला २,५०० भरायला लावतात, तुम्हाला महिन्याला २०० जड जातात?

खतावणी: काका, तुमची नोंदणी पीटीईसीची, स्वतःचं स्वतः भरायचं. यांचं मालक त्याच्या पीटीआरसी नोंदणीवर भरतो. मालक कापायला विसरला तरी भरायची जबाबदारी त्याचीच. सायली, पगार किती?

सायली_०७: ऑफिस पुण्यात. ऑफर लेटरवर महिना २६,०००, हातात २१,९०० येतात.

रेवती_पेरोल: यातला एकही आकडा कामाचा नाही, स्लिपवरचा ग्रॉस सांगा. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून बाईचा पगार महिना २५,००० पर्यंत असेल तर कर शून्य. पुरुषांना १०,००० च्या वर गेलं की पूर्ण कर.

सायली_०७: ग्रॉस २४,२००!! मग सगळंच चुकीचं कापलं?

रेवती_पेरोल: तसं दिसतंय. ऑफर लेटरच्या २६,००० मध्ये कंपनीचा पीएफचा वाटा धरलेला असतो, तो पगारात येत नाही. काही ठिकाणी तीच रक्कम धरून कर लावतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये लिंगाचा रकाना रिकामा, म्हणून पुरुषांचा दर लागतो. एचआरना मेल करताना "कर का कापला" असं विचारू नका. "माझ्या नावापुढे लिंग काय नोंदलंय आणि कर कुठल्या रकमेवर काढलाय" असं विचारा, सोबत तीन स्लिपा जोडा.

खतावणी: एक राहिलं. नियमित भत्त्यामुळे एखाद्या महिन्यात ग्रॉस २५,००० च्या वर गेला असेल, तर त्या महिन्याचा कर योग्यच. बोनस मात्र मोजायचा नाही.

बंड्या: इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळतेच, कशाला भांडता?

रेवती_पेरोल: फक्त जुन्या पद्धतीत. नवीनमध्ये नाही.

सायली_०७: लिंगाच्या रकान्यात खरंच काही नाही! पुढच्या महिन्यापासून बंद करतो म्हणाले. मागचे पैसे सरकारकडे गेले, म्हणे आता मिळणार नाहीत.

रेवती_पेरोल: चूक त्यांची, भुर्दंड तुम्हाला का? लेखी मागा. सरकारकडून कसे वळते करायचे ते त्यांनी बघावं.

खतावणी: चालू वर्षाचे मिळतील. त्याआधीच्या वर्षाचे अवघड वाटतात.