अनुभव धागा: जपानमध्ये पाकिटांवरची ॲलर्जीची माहिती तुम्ही कशी वाचलीत?

मृण्मयी, मुलुंड

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही चौघं जपानला निघालोय. धाकट्याला तिळाची ॲलर्जी आहे. साधीसुधी नाही, ओठ आणि डोळे सुजतात, एकदा श्वासही लागला होता. संक्रांतीच्या आठवड्यात आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक असतं की याच्या हातात लाडू द्यायचा नाही. हॉटेलात काय सांगायचं याची तयारी आम्ही केली आहे, जपानीत छापलेलं कार्डही करून घेतलंय. मला हवेत ते दुकानातल्या बंद पाकिटांचे अनुभव. प्रवासात निम्मं खाणं तिथल्या छोट्या चोवीस तास दुकानांतूनच होणार. पाकीट हातात घेतल्यावर तुम्ही नेमकं काय शोधत होतात, कुठे अडलात, ते सविस्तर लिहा. दुसऱ्या कुठल्या ॲलर्जीचे अनुभवही चालतील.

अभय ठाणेकर

आम्ही गेल्या वर्षी जाऊन आलो, बायकोला शेंगदाणे चालत नाहीत. काळजीचं कारण नाही, जपानी लोक या बाबतीत फार काटेकोर आहेत. पाकिटाच्या मागे एक चौकट असते, तिच्यात घटकांची यादी, आणि बहुतेक वेळा यादीच्या अगदी शेवटी कंसात एक ओळ. त्या ओळीचा अर्थ ‘यात अमुक, अमुक आहे’ असा. फोनचा कॅमेरा धरायचा, त्या कंसात आपला पदार्थ नसेल तर बिनधास्त खायचं. आम्ही सगळी सहल अशीच केली आणि काही झालं नाही. तिळालाही हेच लागू पडेल.

वैशाली, विलेपार्ले

अभय, शेवटी तो कंस असेल तिथे शेंगदाण्यासाठी तुमची पद्धत बरोबर होती. तिळासाठी ती चालणार नाही, म्हणून मृण्मयी, हे नीट वाच. मी सॉस आणि मसाल्यांच्या निर्यातीच्या लेबलांचं काम करते, जपानचा माल नेहमी हाताखालून जातो.

जपानमध्ये ॲलर्जीच्या पदार्थांच्या दोन याद्या आहेत. एक सक्तीची. 2025 मध्ये तिच्यात आठ पदार्थ होते: अंडं, दूध, गहू, सोबा म्हणजे कुट्टू, शेंगदाणा, कोलंबी, खेकडा आणि 2023 मध्ये आलेला अक्रोड. हे अगदी थोडे असले तरी लिहावेच लागतात. दुसरी यादी तेव्हा 20 पदार्थांची, ‘लिहिलंत तर बरं’ अशी. तीळ आणि सोयाबीन या दुसऱ्या यादीत आहेत. म्हणजे कंसात शेंगदाणा नाही याचा अर्थ कंपनीने तो घातलेला नाही. कंसात तीळ नाही याचा अर्थ एवढाच की कंपनीने तीळ लिहिलेला नाही.

कोणी म्हणेल, कंसात नसला तरी वरच्या घटकांच्या यादीत तर येईलच ना? सुटे तीळ घातले असतील तर येतील. अडचण तयार सॉसची. एखाद्या पदार्थात दुसरा तयार पदार्थ वापरला आणि त्याचं प्रमाण 5 टक्क्यांपेक्षा कमी असलं, तर त्याच्या पोटातले घटक उलगडून लिहिण्याची सक्ती नाही. नुसतं ‘सॉस’ लिहिलं तरी चालतं. सक्तीचे आठ तिथेही लपवता येत नाहीत, तीळ मात्र राहून जाऊ शकतो.

प्रत्यक्ष उदाहरण सांगते. माझ्या भाच्याला तीळ चालत नाही. त्याच्यासाठी ओसाकात एक भाजलेला ओनिगिरी घेतला होता, भाताचा तो तिकोनी गोळा. यादीत आधी भात, मग सोया सॉस, साखर, पुढे मांसावर लावायचा एक तयार सॉस. मग तिरकी रेघ, तिच्यानंतर अ‍ॅडिटिव्ह. शेवटी कंसात फक्त गहू. तीळ कुठेच नाही. पण मी थांबले ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. सोया सॉस आहे म्हणजे सोयाबीन आलंच, आणि कंसात सोयाबीन नाही. याचा सरळ अर्थ, ही कंपनी फक्त सक्तीची यादी लिहिते. मग तिच्याकडून तिळाची अपेक्षा कशी करायची? ओनिगिरी परत ठेवला. पाकिटावर ग्राहक चौकशीचा नंबर होता, हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने फोन लावून दिला. त्या मधल्या सॉसमध्ये तिळाचं तेल होतं.

म्हणून दुकानात दोन गोष्टी बघ. काही कंपन्या सगळ्या पदार्थांचा वेगळा तक्ता छापतात, किंवा दोन्ही याद्या मिळून जे ‘28’ पदार्थ 2025 मध्ये होते त्यांच्यापैकी यात काय आहे ते सांगतात. 28 हा आकडा जपानी न येणाऱ्यालाही वाचता येतो. तो असेल तर तीळ न लिहिल्याला अर्थ आहे. आकडा नसेल तर माझी सोया सॉसची युक्ती कर. ही यादी मधूनमधून बदलते, त्यामुळे निघण्याच्या आधी जपान सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या संकेतस्थळावर एकदा ताजी यादी बघून जा.

अभय ठाणेकर

दोन याद्या आहेत हे खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद. पण मी असंही वाचलंय की तिथे ‘असू शकतं’ अशी मोघम सूचना लिहायला बंदी आहे. म्हणजे एकाच मशीनवरून मिसळण्याचा प्रश्न तरी मिटला ना?

वैशाली, विलेपार्ले

बंदी आहे हे खरं. प्रश्न मिटला हे खरं नाही. मोघम लिहिता येत नाही, म्हणून काही कंपन्या यादीच्या चौकटीबाहेर वेगळी ओळ छापतात: ‘या कारखान्यात अमुक असलेले पदार्थही तयार होतात.’ ती ओळ ऐच्छिक आहे. कॅमेरा चौकटीवर धरला तर ती बहुतेक वेळा फ्रेमच्या बाहेर राहते, म्हणून पाकीट पूर्ण फिरवून बघायचं.

जिग्ना, घाटकोपर

आम्ही पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. जपानमध्ये हिरवा ठिपका कुठे छापतात? आम्हाला तर बिस्किटांवर कुठेच सापडला नाही.

वैशाली, विलेपार्ले

जिग्नाबेन, हिरवा ठिपका आपल्याकडचा नियम आहे, तिथे तो नसतो. आणि ॲलर्जीच्या कंसावर शाकाहार ठरवू नका. तिथल्या सूप आणि चिप्समध्ये घातला जाणारा बोनिटो मासा त्या 28 मध्ये नाहीच, तो दिसलाच तर फक्त वरच्या घटकांच्या यादीत दिसेल. कांदा-लसणाचंही तसंच.

सायली, डोंबिवली

आमचा प्रश्न दुधाचा, मुलगी तेव्हा चार वर्षांची. तीन-चार अक्षरांचे फोटो काढून घेतले होते आणि दुकानात आकार जुळवत बसायचो. दुधाचं अक्षर दिसलं की पाकीट खाली. पहिल्या दोन दिवसांत ती जवळजवळ केळी आणि भातावरच होती, कारण ते अक्षर जिकडेतिकडे दिसायचं, ब्रेडमध्ये, चॉकलेटमध्ये, अगदी सोया दुधाच्या डब्यावरसुद्धा. मग आमच्या तिथल्या मैत्रिणीने उलगडून सांगितलं. इमल्सिफायरच्या जपानी नावात तेच अक्षर आहे, लॅक्टिक ॲसिडच्या नावातही आहे, आणि सोया दुधाच्या नावातही. यात प्राण्याचं दूध असेलच असं नाही. त्यानंतर आम्ही उलट केलं, आधी शेवटचा कंस बघायचा. दूध सक्तीच्या यादीत असल्यामुळे आम्हाला तेवढं पुरलं. शेवटी असा कंस नसलेल्या पाकिटांवर मात्र बटर किंवा चीज वापरलं असेल तर कधी यादीत तेवढंच नाव येतं, वेगळं ‘दूध’ असं लिहिलेलं नसतं. ते दोन शब्दही फोटोंमध्ये घालून ठेवा.

कॅमेऱ्याबद्दल एक. चुरगळणारं, चकचकीत पाकीट असलं की अनुवाद दर सेकंदाला बदलतो. फोटो काढून, स्थिर करून मग वाचायचं. ‘आहे’ आणि ‘नाही’ यात तो गोंधळला असं मी स्वतः पाहिलंय, त्यामुळे महत्त्वाची ओळ दुकानातल्या माणसाला बोट ठेवून दाखवायची. ते थांबून, नीट वाचून सांगतात.

नितीन, वरळी

कोळीवाड्यातला माणूस आणि कोलंबी चालत नाही, आई आजही हळहळते. मासे सगळे चालतात. कोलंबी सक्तीच्या यादीत आहे म्हणून मी निर्धास्त होतो. पण एका फिशकेकच्या पाकिटावर कुठला मासा ते न लिहिता नुसतं ‘मासे व समुद्री जीव’ असा कॅमेऱ्याने अनुवाद दिला. आणि बारीक सुक्या माशांच्या पाकिटावर खाली एक ओळ होती, की हे मासे कोलंबी-खेकडा मिसळतो अशा पद्धतीने पकडले आहेत. आपल्या जाळ्यात मांदेलीबरोबर करंदी येतेच की, मला लगेच पटलं. पण मग पहिल्या पाकिटाचं काय? तिथे कोलंबी लिहायला नको होती का?

वैशाली, विलेपार्ले

नितीन, तुम्ही नेमकी पळवाट पकडलीत. जाळ्यात जे आलं ते न निवडता वाटलं, तर त्यात काय काय आहे ते कारखान्यालाही सांगता येत नाही. म्हणून माशाचा पल्प, माशांचा अर्क, फिश सॉस अशा मोजक्या पदार्थांना ‘मासे व समुद्री जीव’ एवढं मोघम लिहायची मुभा आहे. कोलंबीवाल्यांनी तो शब्द दिसला की ‘आहे’ असंच धरावं.

अमृता, गोरेगाव

एक राहिलं. पाकीट विकत घेतलं तर वाचता येतं, पण तिथे भेट म्हणून मिठाईचा खोका फोडून एकेक तुकडा वाटायची पद्धत आहे. प्रत्येक तुकडा सुंदर कागदात असतो आणि त्यावर काहीच लिहिलेलं नसतं, सगळी माहिती बाहेरच्या खोक्यावर. नवऱ्याच्या ऑफिसात तोवर खोका कचऱ्यात गेलेला असायचा. बेकरीत ट्रेमधून उचलायचा पाव आणि काउंटरवरचं तळण यांनाही लेबलची सक्ती नाही.

मृण्मयी, मुलुंड

किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी. तिळाचे शब्द मी जपानीच्या तिन्ही लिप्यांत फोटो करून ठेवलेत, आता ‘28’ आणि सोया सॉसची खूणही त्यात टाकते. एक विचारायचं होतं. 28 चा तक्ता आहे, तिळाच्या रकान्यात काही नाही, पण चौकटीबाहेर ‘याच कारखान्यात तिळाचे पदार्थ होतात’ असं आहे. असं पाकीट तुम्ही घेता का?

वैशाली, विलेपार्ले

भाच्यासाठी नाही घेत. त्याला श्वासाचा त्रास झालेला आहे.

सायली, डोंबिवली

आम्ही दुधाच्या बाबतीत घेतलं होतं, पण आमच्या डॉक्टरांनी तपासण्या बघून तशी परवानगी दिली होती. तुमच्या लेकाला श्वास लागला होता म्हणताय, तर हे निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. आणि ॲड्रेनलिनचं इंजेक्शन तेव्हाच लिहून घ्या. पेनसारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही, आम्हाला शोधायला वेळ लागला. तिथे रुग्णवाहिकेचा नंबर 119.

मृण्मयी, मुलुंड

सोमवारची वेळ घेतली आहे. विमानात सिरिंज न्यायला डॉक्टरांचं पत्र लागेल ना? कोणी नेली असेल तर मुंबई विमानतळावर काय विचारलं तेही लिहा.