इंजिन झकास, व्होल्टेज शून्य: जनरेटरचा एव्हीआर बदलू का?

बेदाणावाला
मंडळी, तासगावला आमचं बेदाण्याचं छोटं कोल्ड स्टोरेज आहे. 62.5 केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे, थ्री फेज, ब्रशलेस अल्टरनेटर. पावसाळ्यात लाइट बऱ्यापैकी टिकली, त्यामुळे सेट बरेच महिने बंदच होता. आता सुरू केला तर इंजिन एका दमात लागतं, धूर नाही, आवाज नेहमीचा, आरपीएम 1500. पण पॅनेलवर तिन्ही फेजला शून्य. गावातला मेकॅनिक आला, त्याने व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर काढला, उलटासुलटा करून बघितला, परत बसवला आणि म्हणाला, "हा गेला, नवीन घ्या." कंपनीचाच घेऊ की बाजारातला चालेल? आणि खरंच तोच गेलाय हे कळणार कसं? माझ्याकडे मल्टिमीटर आहे. शिक्षण बी.कॉम., पण वायरिंगला घाबरत नाही.

बॅटरीभाऊ
एव्हीआर वगैरे काही घेऊ नका. सेट बरेच दिवस उभा राहिला की लोखंडातलं रेसिड्युअल चुंबकत्व जातं. इंजिन चालू ठेवा, 12 व्होल्टची बॅटरी घ्या आणि एव्हीआरच्या फिल्डच्या दोन टर्मिनलला दोन सेकंद टच करा. मीटर टपकन वर चढेल. शंभर टक्के.

सुमन_कोरेगाव
आमच्या मंडपाच्या छोट्या पेट्रोल जनरेटरला सेम झालं होतं. मिस्त्रीने आतला कपॅसिटर बदलला आणि लगेच चालू. तुम्हीही आधी कपॅसिटर बघा, स्वस्तातलं काम आहे.

जुना_वाइंडर
सुमनताई, तुमचा छोटा सेट कपॅसिटरवर एक्साइट होणारा होता, त्यात एव्हीआर नसतोच. यांच्या मशीनमध्ये तो कपॅसिटर सापडणार नाही.

बॅटरीभाऊ, रोग तुम्ही खरा सांगितला, पण पेशंट न तपासता. आणि एव्हीआर जोडलेला असताना त्याच टर्मिनलवर बॅटरी लावायची नाही. व्होल्टेज उठलाच तर एव्हीआर आणि बॅटरी एकमेकांवर चढतात. सेटचीच बॅटरी वापरली तर तिचं निगेटिव्ह बॉडीला असतं आणि बऱ्याच एव्हीआरचं आउटपुट पॉवर वायरिंगपासून वेगळं केलेलं नसतं. चांगला एव्हीआर त्यातच उडतो आणि मग मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरतं.

बेदाणावाले, एव्हीआरची ऑर्डर थांबवा. मेन ब्रेकर बंद करा, सगळा लोड तोडा आणि अल्टरनेटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये मल्टिमीटरने फेज टू फेज एसी व्होल्टेज मोजा. पॅनेलच्या मीटरवर विसंबू नका. त्याचा फ्यूज गेला तरी शून्यच दिसतं, आणि पाच-दहा व्होल्ट तर तो दाखवतच नाही.

फिल्डची एक वायर काढून मोजा, मग इंजिन बंद करून ती जोडा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे इथे लिहा. मेकॅनिकने एव्हीआर काढला होता ना, म्हणून हे विचारतोय. एव्हीआर बाहेर टाकतो तो डीसी. फिल्डच्या वायरी अदलाबदल झाल्या तर त्याचा करंट लोखंडातल्या उरलेल्या चुंबकत्वाच्या विरुद्ध जातो, आणि व्होल्टेज वाढायच्या ऐवजी आहे तोही कमी होतो.

बेदाणावाला
मोजलं, काका. वायर काढून तिन्ही फेजमध्ये 9 च्या आसपास. जोडल्यावरही 9 च. काही फरक नाही. म्हणजे रेसिड्युअल आहे ना?

बॅटरीभाऊ
9 व्होल्ट म्हणजे मेलेलंच की राव. 415 पाहिजे, 9 नाही!

सर्व्हिसवाली_मेघा
भाऊ, 9 व्होल्ट म्हणजे बी शिल्लक आहे. अशा बहुतेक एव्हीआरना जागं व्हायला आपल्या इनपुटवर चार-पाच व्होल्ट पुरतात. मग ते थोडा करंट फिल्डला देतात, व्होल्टेज वाढतं, एव्हीआरला जास्त मिळतं, तो अजून देतो. काही सेकंदांत 415. टर्मिनलवर एक-दीडच व्होल्ट निघाले असते तर मीही बॅटरी लावून फ्लॅशिंगच सांगितलं असतं. मागच्या टोकाला परमनंट मॅग्नेटचं वेगळं छोटं जनरेटर असलेल्या मशीनमध्ये एव्हीआरची पॉवर तिथून येते, तिथे फ्लॅशिंग करून काही मिळत नाही. तुमच्या मशीनला ते नसावं. फोटो टाकाल का?

बेदाणावाला
टाकला. मागे वेगळं काही दिसत नाही. एव्हीआरला सात आणि आठ नंबरवर दोन वायरी पॉवर वायंडिंगकडून येतात, आणि दोन वायरी फिल्डला जातात.

जुना_वाइंडर
मग सेल्फ एक्साइटेडच. आता तुमच्या "काही फरक नाही"कडे बघू. वायरी उलट्या असत्या आणि एव्हीआर जिवंत असता, तर वायर जोडल्यावर 9 खाली आला असता. वायरी बरोबर असत्या तर चढला असता. तुमचा जागचा हलला नाही, म्हणजे फिल्डमध्ये करंट जातच नाही. एव्हीआर मेला असेल, उपाशी असेल किंवा फिल्डचं सर्किट तुटलं असेल. तिन्हींचं लक्षण सारखंच.

इंजिन बंद करा. फिल्डच्या दोन्ही वायरी एव्हीआरवरून काढा आणि त्यांच्यात ओहम मोजा. या साइजला साधारण 20 ओहमच्या आसपास यायला हवेत. आकडा न येता मीटर ओपन दाखवत असेल तर वायर किंवा एक्साइटरचं स्टेटर तुटलंय. दोन-चारच आले तर वायंडिंग आतून शॉर्ट आहे. बॉडीशीही बघा, तिथे काही यायला नको.

ते ठीक निघालं तर बॅटरीभाऊंची बॅटरी आता बाहेर काढा, पण माझ्या पद्धतीने. वेगळी 12 व्होल्टची बॅटरी, सेटची नाही. फिल्डच्या वायरी एव्हीआरपासून सुटलेल्याच राहू द्या. प्लसच्या वायरला बॅटरीचं प्लस, मायनसला मायनस, मध्ये एक-दोन अँपिअरचा फ्यूज. करंट 0.6 अँपिअरच्या आसपास जातो, जास्त नाही. बॅटरी इंजिन बंद असतानाच जोडायची आणि तोडायची, कारण चालू मशीनवर वायर सुटली तर कॉइल जोराचा झटका मारते. ब्रेकर बंद, मग इंजिन सुरू. 24 व्होल्टची बॅटरी लावायची नाही, व्होल्टेज सांभाळायला एव्हीआर मध्ये नाही.

नो लोडला तिन्ही फेज एकमेकांना जुळलेले आणि 415 च्या दहा टक्के इकडेतिकडे आले, तर मेन वायंडिंग, रोटर, फिरणारे डायोड, सगळं चांगलं. दोष एव्हीआरमध्ये किंवा त्याच्या वायरीत. तिन्ही जुळलेले पण खूप कमी आले तर रोटरवरचे सहा डायोड बघायचे. एक शॉर्ट झाला की एक्साइटर घुरघुरतो आणि तापतो. तिन्हीत तफावत आली तर मेन स्टेटर, आणि तेव्हा मी गाडी घेऊन येतो.

सर्व्हिसवाली_मेघा
एक भर घालते. डायोड मोजायचा तर त्याची लीड सोडवून मोजायचा, जोडलेला असताना बाजूचे वायंडिंग मीटरला फसवतात. आणि बदलायचा तर सहाच्या सहा बदलते मी, सोबतचा व्हॅरिस्टरही. हे माझं मत, काकांचं वेगळं असेल.

जुना_वाइंडर
वेगळंच आहे. गेलेला बदलतो. बाकीचे चांगले असतील तर कशाला हात लावायचा.

बेदाणावाला
फिल्ड 19.6 ओहम, बॉडीशी काही नाही. बॅटरी लावून इंजिन सुरू केलं: 386, 388, 387! हात थरथरत होते खरं सांगतो. म्हणजे एव्हीआर गेला हे मेकॅनिकचं खरं?

जुना_वाइंडर
अजून नाही. अल्टरनेटर निर्दोष सुटला, एवढंच ठरलं. बॅटरी तशीच ठेवा आणि इंजिन चालू असताना एव्हीआरच्या सात आणि आठ नंबरवर व्होल्टेज मोजा. प्रोबला धरायला जागा नीट बघा, तिथे 380 च्या वर असू शकतो. एक हात खिशात.

बेदाणावाला
सात-आठवर शून्य!! टर्मिनल बॉक्समध्ये 387 आणि एव्हीआरवर शून्य.

सर्व्हिसवाली_मेघा
मग एव्हीआर उपाशी. मध्ये इनलाइन फ्यूज आहे का बघा, नाहीतर वायर मागे मागे तपासा. कॅनॉपी इतके महिने बंद होती म्हणता, मला उंदराचा संशय आहे.

बेदाणावाला
उंदीरच. टर्मिनल बॉक्सपासून एव्हीआरकडे जाणारा हार्नेस जिथे ग्रोमेटमधून जातो तिथे आठ नंबरची वायर पूर्ण कुरतडलेली आणि सातची अर्धी. खाली घरट्याचा कचरा. ती वायर काळ्या स्लीव्हमध्ये होती, वरून काही दिसत नव्हतं. इंजिन बंद करून, बॅटरीचं निगेटिव्ह काढून दोन्ही वायरी नव्या टाकल्या, फिल्ड परत एव्हीआरला जोडलं. सुरू केलं आणि 416! नवीन एव्हीआरचे पैसे वाचले. काका, ताई, काय बोलू.

बॅटरीभाऊ
उंदराने वायर खाल्ली म्हणून रेसिड्युअल गेलं, असंही म्हणता येईल ना?

जुना_वाइंडर
नाही म्हणता येणार. रेसिड्युअल लोखंडात बसतं, वायर तुटून ते कुठे जात नाही. इथे 9 व्होल्ट होतेच, फक्त एव्हीआरपर्यंत पोहोचत नव्हते. जायचं असेल तर मशीनला जोरदार शॉर्ट सर्किट झालं, किंवा कोणी उलटी बॅटरी लावली, तर ते कमी होतं किंवा फिरतं. नुसतं उभं राहून पूर्ण गेलेलं मी क्वचित पाहिलंय. बाकीचे मिस्त्री याच्या उलट सांगतात, त्यावर भांडण नको.

सर्व्हिसवाली_मेघा
मी तर उभ्या सेटमध्ये ते इतकं घसरलेलं पाहिलंय की एव्हीआर उठतच नव्हता, आणि एकदा फ्लॅश केल्यावर पुन्हा त्रास नाही. असो. बेदाणावाले, लोड टाकण्याआधी मेगरने इन्सुलेशन तपासा. महिनोन् महिने ओलाव्यात उभं राहिलंय ते. एव्हीआरच्या सगळ्या वायरी काढून, 500 व्होल्टचा मेगर, स्टेटर ते बॉडी.

बेदाणावाला
शेजारच्या वाइंडिंगवाल्याकडून मेगर आणला. 0.7 मेगाओहम दाखवतोय. चालेल का? उद्या पेट्या येणार आहेत.

सर्व्हिसवाली_मेघा
एकच्या खाली लोड नको. कॅनॉपी उघडी ठेवा, दोनशे वॉटचे दोन बल्ब आत वायंडिंगजवळ ठेवा, रात्रभर. सकाळी परत मेगर करा आणि आकडा लिहा.

बॅटरीभाऊ
काका, एक विचारायचं राहिलं. आमच्या जुन्या वेल्डिंग जनरेटरलाही व्होल्टेज बनत नाही. त्याला तरी माझी बॅटरी लावू का?

जुना_वाइंडर
ब्रश आहेत का त्याला? असतील तर आधी ते होल्डरमध्ये मोकळे सरकतात का बघा आणि रिंग कशी दिसते ते सांगा. बॅटरी नंतर.