मदत हवी आहे: दमट हवेत दीड तास पळताना साधं पाणी की स्पोर्ट्स ड्रिंक?

मंडळी, मी मुंबईत मरीन ड्राइव्हला हौसेने पळते. तासाभरापर्यंत साधं पाणी पुरतं, त्याबद्दल शंका नाही. अडचण रविवारच्या दीड तासाची आहे. या हवेत घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. अंग गार होत नाही आणि घाम आणखी सुटतो.

परवा पळण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन केलं. ६२ किलोचं ६०.८ भरलं, मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायले होते. म्हणजे घाम साधारण १.७ लिटर गेला. काळ्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे पट्टेही उमटले होते.

हे सगळं पळतानाच पाण्याने भरून काढायला गेलं की पोट डचमळतं. शिवाय घामापेक्षा जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखीपासून सुरुवात होते, त्याची मला खरी भीती वाटते.

स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साखर भरपूर पण मीठ बेताचं, ओआरएसमध्ये नेमकं उलट. माझ्यासारखा खारट घाम येणारे तुम्ही पळताना काय घेता? ओआरएसवर शेवटच्या अर्ध्या तासात ताकद टिकते का? की स्पोर्ट्स ड्रिंकमध्येच चिमूटभर मीठ घालता? आणि दर वीस मिनिटांना साधारण किती पिता?