वेलपॉइंटने पाणी उतरवताना शेजारची इमारत किती खचेल?

«खोदाईसाठी वेलपॉइंटने, म्हणजे जमिनीत रोवलेल्या गाळणीच्या नळ्यांतून पंपाने पाणी ओढून, भूजल चार मीटर खाली न्यायचे आहे. शेजारच्या जुन्या इमारतीखाली वाळू आणि तिच्याखाली चिकणमाती आहे. पाणी काढल्याने इमारत खचेल का?»

खचेल, पण किती, हे वाळूपेक्षा त्या चिकणमातीवर आणि पंप किती दिवस चालणार यावर अवलंबून आहे. पाण्याची पातळी एक मीटर उतरली की मातीच्या कणांवर प्रत्यक्ष येणारा दाब साधारण 10 किलोपास्कलने वाढतो. म्हणजे इमारतीखालीही पातळी चार मीटर उतरली, तर 40 ने. चिकणमातीचा थर तीन मीटर जाड आणि तिची संकोचनक्षमता, म्हणजे वाढत्या दाबाने जाडी घटण्याचे प्रमाण, दर किलोपास्कलला 0.0005 धरली, तर अंतिम खचणे 60 मिलिमीटर येते. मात्र त्या थरातून पाणी सावकाश निघते. दोन्ही बाजूंनी निचरा होत असेल आणि पाणी निघून थर दाबला जाण्याचा वेग सांगणारा दृढीकरण गुणांक वर्षाला 2 चौरस मीटर असेल, तर दोन आठवड्यांत सुमारे 12 आणि तीन महिन्यांत 32 मिलिमीटर खचते. म्हणून रेंगाळलेली खोदाई मला अधिक धोक्याची वाटते.

उतरलेली पातळी खड्ड्यापासून दूर जाताना वर चढत जाते, त्यामुळे इमारतीची जवळची बाजू अधिक खचते आणि भिंतीत तिरक्या भेगा पडतात. तेव्हा इमारतीलगत पिझोमीटर बसवून पातळी रोज मोजा आणि ती फार उतरत असेल तर खड्डा आणि इमारत यांच्या मधल्या पट्ट्यात पाणी परत जमिनीत सोडणाऱ्या पुनर्भरण विहिरी घ्या. पंपाचे पाणी काचेच्या बरणीत भरून ठेवा; तळाशी रोज गाळ साचत असेल, तर वेलपॉइंटच्या गाळणीतून बारीक वाळू वाहून जात आहे, आणि ते खचणे वरच्या हिशेबात धरलेले नाही.