वेबसॉकेट की लाँग पोलिंग

> "वेबसॉकेट लावलं, पण शांतता असली की मिनिटभरात तुटतं. परत लाँग पोलिंगवर जाऊ का?"

नको, तिथेही हेच होईल. ब्राउझर आणि सर्व्हरच्या मध्ये nginx प्रॉक्सी असेल तर त्याचा `proxy_read_timeout` बाय डिफॉल्ट 60 सेकंदांचा असतो, तेवढ्या वेळात सर्व्हरकडून काहीच आलं नाही की तो कनेक्शन बंद करतो. वेबसॉकेटला ब्राउझरमध्ये क्लोज कोड 1006 दिसतो आणि लाँग पोलिंगला 504, एवढाच काय तो फरक. म्हणून लाँग पोलिंगमध्ये सर्व्हर 25-30 सेकंदांनी रिकामं उत्तर देऊन टाकतो आणि ब्राउझर लगेच नवी रिक्वेस्ट लावतो. वेबसॉकेटला सर्व्हरवरूनच दर 30 सेकंदांनी पिंग पाठवा, ब्राउझर पाँग आपोआप देतो, जावास्क्रिप्टमधून पिंग फ्रेम पाठवताच येत नाही.

पण खरी गोम पुढे आहे, कनेक्शन तुटून परत जोडेपर्यंत आलेले मेसेज दोन्ही पद्धतींत गळतात, त्यामुळे प्रत्येक मेसेजला चढता आयडी द्या आणि जोडताना शेवटचा मिळालेला आयडी पाठवा, मग सर्व्हर त्यापुढचं सगळं देईल.

आणि 5 सेकंद उशीर चालत असेल तर दर 5 सेकंदांनी विचारणारं साधं पोलिंगच बरं, फक्त हजार युजर म्हणजे सेकंदाला 200 रिक्वेस्ट, बहुतेक रिकाम्याच, हे सर्व्हरला झेपतंय का ते बघा.