'चेकबॉक्स'ला चौकट म्हणावे की घर?

प्रश्न, खानापूर
आमच्या गावच्या मंगल कार्यालयातील भांडी लग्नघरी देताना आणि परत घेताना भरायची छापील यादी मी तयार करीत आहे. वस्तू साठ आणि गट चार आहेत. 'वस्तू मिळाल्यावर चौकटीत खूण करावी' अशी सूचना मी लिहिली, तेव्हा सासूबाईंनी 'चौकट दाराला असते, कागदाला कुठली?' असे विचारले. उभ्या भागांना मी 'स्तंभ' म्हटले आहे. योग्य शब्द कोणते?

निवृत्त शिक्षक, बेळगाव
ताई, चौकट म्हणजे मूळची चार काष्ठांची बांधणी, म्हणून सासूबाईंचे म्हणणे साधार आहे. परंतु पत्त्यांतही चौकट असतेच आणि तिथे लाकडाचा संबंध नाही. 'चौकट' खुशाल ठेवावे. मात्र 'स्तंभ' वर्तमानपत्रासाठी राखून ठेवावा, तक्त्यात 'रकाना'च शोभतो. 'टिक करा' मात्र कृपया लिहू नये.

मुद्रणालय चालविणारे, निपाणी
सर, आमच्याकडे येणारे लोक 'टिक' म्हणतात आणि त्यांना तेच समजते. माझी खरी शंका वेगळी आहे. चौकट एकच असेल, तर ती खूण भांडे दिल्याची की परत आल्याची, हे लग्न झाल्यावर कोण सांगणार? शिवाय चाळीस ताटांपैकी अडतीस परत आली, तर खूण काय दाखवणार? म्हणून 'दिले' आणि 'आले' असे दोन रकाने आकड्यांसाठी रिकामे सोडावेत आणि चौकट शेवटी, हिशेब जुळल्याच्या खुणेपुरती ठेवावी. ती चार मिलिमीटरपेक्षा लहान असू नये, कारण बॉलपेनची खूण बाहेर जाते. ☐ हे चिन्ह टंकू नये. पुष्कळ देवनागरी फाँटांत ते नसते आणि दुसऱ्या फाँटातून लहान-मोठे उमटते. सीमारेषा देऊन चौकोन आखलेला बरा.

सहकारी सोसायटीतील लिपिक, चिकोडी
आमच्याकडे खतांची यादी जागा वाचावी म्हणून एकाच पानावर डावी-उजवी अशी दुहेरी छापली होती. डाव्या अर्ध्याची चौकट उजव्या अर्ध्यातील नावाला चिकटून आली आणि लोकांनी खुणा शेजारच्या खताला केल्या. म्हणून मला 'रकाना' या शब्दाचीच भीती वाटते.

मुद्रणालय चालविणारे, निपाणी
तो दोष दोन अर्ध्यांमध्ये मोकळी पट्टी न सोडल्याचा आहे. शब्दाचा त्यात अपराध नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थी, बेळगाव
साठ वस्तू आणि गटांची चार शीर्षके मिळून चौसष्ट ओळी होतात. ए-फोर पानाची उंची २९७ मिलिमीटर. वर-खाली पंधरा-पंधरा आणि मथळ्याला सत्तावीस सोडले, तर २४० उरतात. ओळ साडेसात मिलिमीटरची ठेवली की पानावर बत्तीस ओळी बसतात आणि यादी बरोबर दोन पानांत संपते.

मुद्रणालय चालविणारे, निपाणी
गणित बरोबर आहे, पण त्यात श्वास घ्यायलाही जागा नाही. 'झाकणासह मोठे पातेले' असे एक नाव दुसऱ्या ओळीवर गेले, की शेवटची वस्तू तिसऱ्या पानावर एकटी पडेल. ओळ सात मिलिमीटरची करा, चौतीस बसतील. ताई, आपल्या गटांच्या ओळी शीर्षकासह किती आहेत?

प्रश्न, खानापूर
अठरा, पंधरा, सतरा आणि चौदा.

मुद्रणालय चालविणारे, निपाणी
मग पहिले दोन गट तेहतीस ओळींत संपतात आणि तिसऱ्याचे शीर्षक चौतिसाव्या ओळीत, पानाच्या तळाशी एकटे उरते. वर्डमध्ये त्या शीर्षकाच्या ओळीला `Keep with next` लावले, की ते आपल्या भांड्यांबरोबर दुसऱ्या पानावर जाईल. तिथे एकतीस ओळी होतात आणि तीन शिल्लक राहतात. रकान्यांची नावे दोन्ही पानांवर यावीत म्हणून `Repeat Header Rows` लावावे. छापताना 'पानाला बसवा' हा पर्याय टाळून शंभर टक्के आकारच निवडावा, नाहीतर चौकटी आक्रसतात. दुकानदाराने लीगल कागद घातला, तर मात्र सगळा हिशेब पुन्हा करावा लागेल.

निवृत्त शिक्षक, बेळगाव
आक्षेप एकच. 'चौकट' हा शब्द टिकवायचा असेल, तर शीर्षकात तो लिहायला हवा. आपण रकान्याला नावच दिलेले नाही.

प्रश्न, खानापूर
सर, तेथे 'जुळले' लिहिते. परंतु भांडी मोजणारे दोघे कन्नडच वाचतात. मराठी नावाखाली कन्नड नाव लिहू का?

महाविद्यालयीन विद्यार्थी, बेळगाव
खाली लिहिल्यास ओळ अकरा मिलिमीटरपर्यंत वाढेल आणि यादी दोन पानांत मावणार नाही. शेजारी स्वतंत्र रकाना द्यावा.

मुद्रणालय चालविणारे, निपाणी
शेजारीच द्यावे, डावीकडे फाइलीसाठी पंचवीस आणि उजवीकडे पंधरा मिलिमीटर सोडले, तर १७० उरतात आणि दोन्ही नावांना पन्नास-पन्नास सहज मिळतात. मात्र कन्नडच्या जोडाक्षरांतील खालचे अक्षर ओळीखाली लोंबते. ओळीची उंची `Exactly` अशी बांधून घातली, तर तेच आधी कापले जाते. सात मिलिमीटरमध्ये ते पूर्ण उमटते का, हे एक पान छापून पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

निवृत्त शिक्षक, बेळगाव
आणि त्या चौकटीला कन्नडमध्ये काय म्हणतात, तेही त्या दोघांनाच विचारावे.