मदत हवी आहे: डायव्हिंग पूलमध्ये कान दुखावलाय, तारकर्लीला स्कूबा करू द्यावं का?

ऐरोलीची_ताई: धाकट्या भावाने रविवारी ठाण्यातल्या एका पूलमध्ये पैजेवर तळ गाठला. खोली साडेचार मीटर, त्यात सर्दी. निम्म्या वाटेवर डावा कान ठणकायला लागला, हा तसाच खाली गेला. मग आत काहीतरी फुटल्यासारखं झालं, दुखणं एकदम थांबलं आणि क्षणभर गरगरलं. आता त्या कानाने कमी ऐकू येतं. दुखत नाही म्हणून डॉक्टरकडे जायला तयार नाही. पुढच्या महिन्यात तारकर्लीचं स्कूबा बुकिंग आहे.

खारीगावकर: कान बसलाय फक्त. नाक दाबून जोरात फुंकायला सांगा, सुटेल. आम्ही डाईव्ह करताना हेच करतो.

बुडी_मास्तर: दादा, ते उतरताना, कान दुखायच्या आधी, दर अर्ध्या-एक मीटरला आणि हलकेच करायचं असतं. नाही सुटला तर थोडं वर यायचं. साडेचार मीटरवर दाब जवळपास दीडपट होतो. सर्दीने नाकामागची नळी सुजली की बाहेरची हवा कानात पोचत नाही आणि पडदा आत ओढला जातो. ताई, दुखणं अचानक थांबणं आणि लगेच गरगरणं म्हणजे पडदा फाटल्याची दाट शक्यता, कारण आत शिरलेल्या गार पाण्यानेच चक्कर येते. आता फुंकणं बंद, तेल-थेंब बंद, अंघोळीला कान कोरडा. ईएनटीला दाखवाच. चक्कर परत आली किंवा कानात शिट्टी वाजू लागली तर त्याच दिवशी, कारण मग आतला कान दुखावलेला असू शकतो.

नेरूळवाली: माझ्या कानाच्या पडद्याचं लहानपणी ऑपरेशन झालंय. मला स्कूबा चालेल का? रिफंड मिळतो का हेही कोणी सांगा.

बुडी_मास्तर: पडदा धड असेल आणि कान सहज सुटत असेल तर काहींना परवानगी मिळते, पण ते तपासूनच. पडद्याला भोक असेल किंवा त्यात डॉक्टरांनी नळी बसवलेली असेल तर नाहीच. रिफंडचं मला विचारू नका.

खारीगावकर: मग सर्दीची गोळी घेऊन उतरायचं!

बुडी_मास्तर: खाली असताना गोळीचा असर उतरला तर वर येताना हवा आत अडकते. तेव्हा कान दुखतो आणि वर तर यावंच लागतं. सर्दी असेल तर त्या दिवशी काठावर बसायचं.

ऐरोलीची_ताई: काल वाशीला दाखवलं. छोटं भोक आहे. बहुतेक आपोआप भरेल म्हणाले, काही आठवड्यांनी परत बघणार. भाऊ म्हणतो, इअरप्लग लावून स्नॉर्केलिंग तरी करतो.

बुडी_मास्तर: भोकातून समुद्राचं पाणी आत गेलं तर कान वाहायला लागेल. आणि प्लग लावून बुडी मारली तर दाबाने तोच आत रुततो. होडीत बसून किल्ला बघू दे.

ऐरोलीची_ताई: ऐकेल असं वाटत नाही. तुमचा प्रतिसाद तसाच पाठवते त्याला.